बाबांच्या फोनला लगाम हवाय, पण त्यांना न दुखावता (यूपीआय सर्कल कुणी वापरतंय का?)

सांजवेळ

बाबा ७६ वर्षांचे आहेत. निवृत्तिवेतन त्यांच्या खात्यात जमा होतं आणि त्याच खात्याला यूपीआय जोडलेलं आहे. पिन आईने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलाय. घरी येणाऱ्या प्रत्येकाला कपाट कुठे आहे ते माहीत आहे.

गेल्या महिन्यात त्यांना फोन आला, "खातं बंद होणार, मी सांगतो ते अ‍ॅप उतरवा." बाबांनी उतरवलंसुद्धा, आणि समोरच्याला त्यांची स्क्रीन दिसायला लागली. आईने फोन हातातून ओढून थेट बंद केला म्हणून वाचलो. पैसे गेले नाहीत. पण खात्यात त्या दिवशी चार लाखांच्या आसपास होते, तेव्हापासून मला झोप नाही.

मला हवंय ते असं: औषधं, किराणा, रिक्षा हे सगळं बाबांनी त्यांच्या मनाने करावं. मोठी रक्कम असेल तर मला विचारणा यावी आणि मी हो म्हटलं तरच पैसे जावेत. भाऊ म्हणतो यूपीआय सर्कल लाव, पाच मिनिटांचं काम आहे. खरंच आहे का? जाता जाता माझ्या १५ वर्षांच्या लेकीसाठीही असंच काही करायचंय.

काठावरचा

तुम्ही बाबांना मर्यादा घालायच्या म्हणताय. आमच्याकडे मी ४४ वर्षांचा आहे आणि आई अजून विचारते, "हे २८० कशाचे?"

गोंधळी

भाऊ बरोबर सांगतोय. आम्ही लावलंय. महिन्याला १५ हजारांच्या वर जाऊच शकत नाही, एका वेळी ५ हजार. त्यामुळे बाबांच्या खात्यातले चार लाख सुरक्षित. लावा आणि झोपा.

हिशेबनीस

गोंधळी, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. आणि इथेच बहुतेक जण फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. (बँकेत डिजिटल विभागात बरीच वर्षं काढली आहेत, आता नाही.)

सर्कलमध्ये दोघं असतात. एकाच्या खात्यातून पैसे जातात, तो मुख्य. दुसरा त्याच्या परवानगीने खर्च करतो, तो दुय्यम. मर्यादा लागते ती दुय्यम माणसाने *मुख्य माणसाच्या* खात्यातून केलेल्या खर्चाला. म्हणजे सांजवेळ मुख्य आणि बाबा दुय्यम असे झाले, तर बाबा सांजवेळच्या खात्यातून महिन्याला ठरावीक रक्कम खर्च करतील. पण बाबांचं स्वतःचं खातं? त्याला यूपीआय जोडलेलं आहे, पिन कपाटावर आहे आणि त्यातल्या चार लाखांना सर्कलने काडीचाही फरक पडत नाही. फोनवरचा भामटा त्या खात्यातून पैसे काढायला सांगेल, सर्कलमधून कशाला सांगेल?

उलटं केलं, म्हणजे बाबा मुख्य आणि सांजवेळ दुय्यम, तर तिला बाबांच्या खात्यातून खर्च करता येईल. बाबांना कोणीच अडवणार नाही.

तेव्हा पहिला प्रश्न अ‍ॅपचा नाही. पैसे कुणाच्या खात्यातून जायचे, हा आहे.

सांजवेळ

अरे देवा. म्हणजे भाऊ आणि मी, दोघंही उलटंच समजत होतो. मग बाबांच्या स्वतःच्या खात्याला दोन किल्ल्या लावायची सोयच नाही?

बोरूबहाद्दर

आहे की! संयुक्त खातं करा. दोघांच्या सह्या लागतील असं. आमच्या सोसायटीच्या खात्याला अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सह्या लागतात, तसंच.

हिशेबनीस

बोरूबहाद्दर, विचार चांगला आहे, पण घरच्या वापरात दोन्ही बाजूंनी अडतो. "दोघांनी मिळून" चालवायच्या खात्याला बँका साधारणपणे यूपीआय देत नाहीत, सगळं चेकवर येतं. बाबा रिक्षावाल्याला चेक देणार का? आणि "दोघांपैकी कोणीही" असं खातं असेल तर यूपीआय चालतं, पण मग दुसऱ्याची संमती लागतच नाही, कोणीही एकटा सगळे काढू शकतो. त्यात निवृत्तिवेतनाचं खातं असेल तर ते संयुक्त करताना जोडीदाराचंच नाव चालतं, मुलीचं नाही. निदान केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाला तरी तसंच आहे.

तिसरी_घंटा

एवढी भानगड कशाला? नामनिर्देशन करून टाका, तुमचं नाव घाला. आम्ही सासूबाईंचं केलं. बँकेत एक अर्ज, पंधरा मिनिटं.

काठावरचा

तिसरी_घंटा, त्यासाठी आधी बाबांना जावं लागेल. त्या आधीचं काय ते विचारतायत.

तिसरी_घंटा

अगं बाई, मी "खात्यावर लेकीचा हक्क" असं वाचलं. सॉरी सांजवेळ, बाबांना शतायुष्य.

खारीचा_वाटा

आमच्या घरचा अनुभव लिहितो, कारण हे दोन्ही प्रकार आम्ही करून बसलोय.

सर्कलमध्ये दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत आधीच महिन्याची रक्कम ठरवून द्यायची, मग दुय्यम माणूस त्याच्या फोनच्या कुलपावर (बोट किंवा चेहरा) पैसे देतो, पिन लागत नाही. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक वेळी मुख्य माणसाला विचारणा येते आणि त्याने *स्वतःचा* पिन टाकला तरच पैसे जातात. गोंधळी म्हणतात ते १५ हजार आणि ५ हजार पहिल्या तऱ्हेचे. दुसऱ्या तऱ्हेला नेहमीच्या यूपीआयचीच मर्यादा.

मी आईसाठी दुसरी निवडली. कारण तेच, नियंत्रण हवं. पहिल्याच आठवड्यात आई औषधांच्या दुकानात उभी, बिल १,१४० रुपये, माझ्याकडे विचारणा आली आणि मी कचेरीत प्रेझेंटेशन देत होतो. ती विचारणा दहा मिनिटं जिवंत राहते, मग मरते. आईने पुन्हा पाठवली. तीही मेली. मागे रांग. तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, "आजी, नंतर द्या." घरी आल्यावर आई एकच वाक्य बोलली: "मला तुझ्याकडे भीक मागायला लावलीस." दोन दिवस फोन उचलला नाही.

मग पहिल्या तऱ्हेवर आलो. महिन्याला ८ हजार. भांडणं संपली.

माई_६८

खारीचा वाटा, तुमच्या आईचं मला पूर्ण पटलं. मी स्वतः ६८ वर्षांची आहे आणि हा धागा वाचताना माझ्याविषयीच बोलताय असं वाटत होतं. आम्ही घरं चालवली, कर्जं फेडली, तुमच्या शाळांच्या फिया भरल्या. आता किराण्याला परवानगी?

तरी फसवणुकीची भीती मलाही आहे, ती नाकारत नाही. म्हणून मी वेगळं केलंय आणि माझं मीच केलंय. मोठं खातं वेगळं, त्याला यूपीआय नाही, त्याचं कार्ड ऑनलाइनसाठी बंद. दुसऱ्या बँकेत छोटं खातं, फक्त त्यालाच यूपीआय. मोठ्यातून छोट्यात दर महिन्याच्या ३ तारखेला ९ हजार आपोआप येतात, बँकेत लिहून दिलंय. गच्चीवरची टाकी आणि मोरीतलं पिंप. पिंप लवंडलं तरी टाकी रिकामी होत नाही. यात मला कुणाची परवानगी लागत नाही.

हिशेबनीस

माईंना दंडवत. खरं सांगायचं तर निव्वळ नुकसान मर्यादित ठेवायचं असेल तर यापेक्षा सोपी आणि भक्कम सोय मला माहीत नाही. पिंप कधीही उधार देत नाही, एवढंच बघा. त्या खात्याला ओव्हरड्राफ्ट किंवा यूपीआयवरची कर्जाची सोय जोडू देऊ नका, अ‍ॅप अधूनमधून विचारतं.

सर्कलचे दोन जादा फायदे असे. बाहेर बसलेल्याला प्रत्येक व्यवहार लगेच दिसतो. आणि गडबड वाटली तर मुख्य माणूस आपल्या फोनवरून जोडणी तोडू शकतो, बँकेत जावं लागत नाही. तुमच्या पिंपाचा नळ तुमच्याच फोनवर आहे, फोन भामट्याच्या ताब्यात असेल तर मुलाला काही करता येणार नाही.

माई_६८

हो, पण मुलाला सगळं दिसतं हाच मला तोटा वाटतो. मी कुणाला काय भेट देते ते त्याने का बघावं?

हिशेबनीस

याला माझ्याकडे उत्तर नाही, माई.

गोंधळी

म्हणजे मी लावलं ते चुकीचं का? आता घाबरवलंत. सासऱ्यांचं जुनं यूपीआय तसंच चालू आहे.

हिशेबनीस

चुकीचं नाही, अर्धवट आहे. सासऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्यांचं मोठं खातं काढून टाका, आणि दुसऱ्या कुठल्या यूपीआय अ‍ॅपला तेच खातं जोडलेलं नाही ना तेही बघा. लोकांच्या फोनवर तीन-तीन अ‍ॅपं असतात. डेबिट कार्ड घरात असेल तर त्यावरून यूपीआय नव्याने सुरू करता येतं, म्हणून कार्ड जपून ठेवा आणि बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा.

आणि एक: मुलांनी वडिलांचं सिमच स्वतःच्या फोनमध्ये घालून बसू नये. "ओटीपी माझ्याकडे येतो, मग काय भीती" असं म्हणणारे पाहिलेत. त्या माणसाला स्वतःच्या खात्यात काय चाललंय ते कधीच कळत नाही, आणि उद्या भावंडांत वाद झाला तर सगळे व्यवहार तुम्हीच केलेत असं दिसतं.

सांजवेळ

बाबांशी बोलले. आधी "मला बाळ समजता का" झालं. मग माईंचं टाकी आणि पिंप वाचून दाखवलं, तेव्हा थंड झाले. त्यांना उघड आणि साधा हिशेब आवडतो.

ठरलं असं. निवृत्तिवेतनाच्या खात्याचं यूपीआय काढायचं. मी माझ्या नावावर एक रिकामं बचत खातं उघडायचं, पगाराच्या खात्याशी संबंध नाही. बाबांच्या खात्यातून दर महिन्याला १२ हजार तिथे येतील. मी मुख्य, बाबा दुय्यम, पहिली तऱ्हा, मर्यादा १२ हजार. भावाला त्या खात्याचा उतारा दर महिन्याला पाठवणार, म्हणजे "ताईने बाबांचे पैसे कुठे नेले" हा विषयच नको.

हिशेबनीस, यात काही भोक दिसतंय का?

हिशेबनीस

नीट आहे. तीन गोष्टी.

जोडताना बाबांच्या अ‍ॅपमध्ये `UPI Circle` हे पान उघडून त्यांचा क्यूआर दाखवायचा आणि तुम्ही तो तुमच्या अ‍ॅपमधून स्कॅन करायचा. त्यांचा नंबर तुमच्या संपर्कयादीत आधीपासून जतन असू द्या. नंबर हाताने टाइप करता येत नाही, यादीतून निवडावा लागतो, कुणा भलत्याला जोडलं जाऊ नये म्हणून. मग रक्कम आणि मुदत ठरवायची, तुमचा पिन टाकायचा, आणि बाबांनी त्यांच्या बाजूने स्वीकारायचं.

बाबा एका वेळी एकाच मुख्य माणसाचे दुय्यम होऊ शकतात. भावालाही त्यांना जोडायचं असेल तर जमणार नाही. तुम्ही मात्र पाच जणांना जोडू शकता.

आणि पहिल्या तऱ्हेत बाबांच्या फोनचं कुलूप हेच सगळं संरक्षण आहे. फोन उघडायचा आकडा १२३४ असेल किंवा तोही कपाटावर असेल, तर पिन नसल्याचा काय उपयोग?

काठावरचा

कपाटाच्या दाराचा रंग बदला एकदा.

चौकस

एक शंका. आई मुख्य आणि बाबा दुय्यम असं का नाही? आई घरातच असते, दुसऱ्या तऱ्हेत विचारणा तिच्याकडे जाईल, दहा मिनिटांचा प्रश्नच नाही.

सांजवेळ

आईकडे साधा बटणांचा फोन आहे. नाहीतर ही कल्पना झकास होती. परवानगी तशीही पन्नास वर्षं तीच देतेय.

सांजवेळ

दहा दिवसांनी परत आले. झालेला गोंधळ लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल.

जोडणी शनिवारी सकाळी केली. पाच नाही, चाळीस मिनिटं लागली, पण झाली. बाबा खुशीत. दुपारी त्यांनी महिन्याच्या औषधांचे ३,१५० दिले, गेले. संध्याकाळी चष्म्याचे २,४०० द्यायला गेले, नाही गेले. मी माझ्या बाजूला बघितलं: खात्यात १२ हजार होते, आता ८,८५० आहेत. मर्यादा १२ हजार. एका वेळचे ५ हजारही होत नाहीत. मग का? बाबांनी अ‍ॅपला, मला आणि भावाला, या क्रमाने दोष दिला. चष्मेवाल्याने दुसऱ्या दिवशी या म्हटलं. रविवारी दुपारी तोच व्यवहार, त्याच दुकानात, काही न बदलता गेला.

हिशेबनीस

पहिले २४ तास. नवी जोडणी झाल्यावर पहिल्या दिवसभरात सगळे मिळून ५ हजारांपर्यंतच जाऊ शकतात, मग तुम्ही मर्यादा काहीही ठेवा. ३,१५० आणि २,४०० मिळून ५,५५० होतात. सांगायला विसरलो, चूक माझी.

ओळखायचं कसं: खात्यात पैसे आहेत, रक्कम ५ हजारांच्या आत आहे, महिन्याची मर्यादा शिल्लक आहे आणि तरी जात नाही, तर आधी जोडणीची वेळ बघा. दुसऱ्या दिवशीही जात नसेल तर मग बँक किंवा अ‍ॅप.

गोंधळी

हाहा, आमच्याही सासऱ्यांचं असंच झालं होतं, आम्ही अ‍ॅप काढून परत टाकलं. आता कळलं की तसंच ठेवलं असतं तरी चाललं असतं.

खारीचा_वाटा

अजून एक होईल, आधीच सांगतो. औषधं परत केली की पैसे तुमच्या खात्यात येतात, बाबांकडे नाही. आई तीन आठवडे दुकानदाराशी भांडत होती, "३६० दिलेच नाहीत". माझ्या उताऱ्यात आले होते. तिला खात्यातली शिल्लक दिसत नाही, ती कुठून बघणार बिचारी?

सांजवेळ

हे आमच्याकडेही होणार. शिल्लक दिसत नाही ही बाबांचीही तक्रार आहे. सध्या दर रविवारी मी त्यांना फोनवर आकडा सांगते, ते वहीत लिहितात.

चौकस

आणि लेकीचं काय झालं? मूळ प्रश्नात ती होती.

सांजवेळ

तिच्यासाठी दुसरी तऱ्हा लावायचा विचार होता, प्रत्येक वेळी विचारणा. तिने एका वाक्यात संपवलं: "मैत्रिणींसमोर मी आईच्या पिनची वाट बघत उभी राहू?"

हिशेबनीस

तिच्यासाठी तिचं स्वतःचं खातं बघा. २०२५च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम नीट केलेत: १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बचत खातं स्वतः उघडून चालवता येतं, कितपत रकमेपर्यंत आणि कुठल्या सोयी द्यायच्या ते बँक ठरवते. मुलांच्या खात्यात उणे शिल्लक जाऊ द्यायची नाही असाही नियम आहे, म्हणजे ते आपोआपच पिंप. यूपीआय मिळेल की नाही हे बँकेला आणि अ‍ॅपला विचारा, प्रत्येकाच्या वयाच्या अटी वेगळ्या असतात. १८ पूर्ण झाली की नव्याने सही आणि कागद द्यावे लागतात, ते विसरू नका.

माई_६८

मुलीला स्वतःचं खातं आणि आजोबांना परवानगी. वा.

सांजवेळ

माई, टोमणा पोचला. बाबांनाही छोटं खातं त्यांच्याच नावावर हवंय असं ते म्हणायला लागलेत. सहा महिने हे बघतो, मग ठरवू असं बोलणं झालंय.

एक मात्र सुटलं नाहीये. समजा रात्री दवाखान्यात २० हजार भरायचे झाले आणि मी फोन उचलला नाही. सर्कलमधून ५ हजारांच्या वर जात नाहीत. मोठ्या खात्याचं यूपीआय आपणच काढलं. आईकडे काही नाही. काय करतात लोक?

बोरूबहाद्दर

आमच्याकडे मोठ्या खात्याचं डेबिट कार्ड आईजवळ. दुकानातल्या मशिनवर चालू, ऑनलाइन बंद. मर्यादा ३० हजार. पिन तिला तोंडपाठ आहे, लिहिलेला नाही.

हिशेबनीस

बरंय की हे. भामटा फोनवरून कार्ड स्वाइप करू शकत नाही. फक्त मशिनवरची टॅपची सोय बंद करा, ती छोट्या रकमांना पिन विचारत नाही.

खारीचा_वाटा

शेजाऱ्यांकडे दहा हजार रोख ठेवलेत आम्ही. हसू नका.

काठावरचा

हसत नाहीये. शेजाऱ्यांचा नंबर द्या.

सांजवेळ

बोरूबहाद्दर, आईला पिन तोंडपाठ होईल का हाच प्रश्न आहे. पेन्सिल अजून कपाटातच आहे. रविवारी घरी जातेय, तेव्हा बघते.